कळसूत्री बाहुल्यांच्या आख्यानावर 'मुलांसाठी'चा शिक्का आणि गायब झालेल्या कमेंटी

भरतीओहोटी
नमस्कार मंडळी. कुडाळकडच्या एका मंडळाच्या यूट्यूब चॅनेलवर पिंगुळीच्या परंपरेतला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ टाकलेला आहे. 42 मिनिटांचं सलग आख्यान, सीताहरण ते रावणवध, संवाद बरेचसे मालवणीत. शीर्षक 'बच्चेकंपनीसाठी कळसूत्री बाहुल्यांची धमाल' आणि थंबनेलवर रंगीत अक्षरांत हसणारा मारुती.

या व्हिडिओखाली `Comments are turned off` दिसतं. शेवटच्या 20 सेकंदांत 'पुढचं आख्यान इथे बघा' असं म्हणून बाण काढलेत, पण बाणाच्या टोकाला काहीच दिसत नाही. सबस्क्राइब केलेल्यांना घंटीची सूचना जात नाही. पैसे कमी येतात ते वेगळंच.

प्रश्न असे: हे सगळं 'मुलांसाठी' या शिक्क्यामुळेच होतंय का? तो लावला कोणी हे कसं कळणार? आणि त्यामुळे व्हिडिओ इतरांना सुचवलाही जात नाही का? शिक्का काढायला 18+ लावा असा सल्ला एकाने दिलाय, तो बरोबर आहे का?

सुरंगी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नक्की होय. कमेंटी, एंड स्क्रीन आणि घंटी ही तिन्ही एकाच वेळी गेली असतील तर दुसरं कारण शोधत बसायला नको. नुसत्या कमेंटी गेल्या असत्या तर इतर शक्यता होत्या.

लावला कोणी, हे स्टुडिओतच लिहिलेलं असतं. संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडा, डावीकडे `Content`, तिथे व्हिडिओच्या ओळीत `Restrictions` नावाचा रकाना आहे. त्यात `Made for kids` दिसेल. मग व्हिडिओच्या नावावर क्लिक करून `Details` मध्ये खाली `Audience` पर्यंत या. तिथे `Set by you` आहे की `Set by YouTube`, एवढंच वाचा आणि इथे सांगा. पुढचं सगळं या एका ओळीवर ठरतं. `Set by you` असेल तर दोन क्लिकचं काम आहे. दुसरं असेल तर तुम्हाला ते बदलता येणार नाही, अपील करावं लागेल.

'मी तर काही लावलंच नव्हतं' असं म्हणायच्या आधी आणखी एक जागा बघा. `Settings`, मग `Channel`, मग `Advanced settings`. तिथे संपूर्ण चॅनेलसाठी तीन पर्याय असतात: चॅनेल मुलांसाठी आहे, नाही, किंवा प्रत्येक व्हिडिओला वेगळं ठरवू. चॅनेल उघडणाऱ्याने पहिला पर्याय निवडलेला असेल तर सगळे व्हिडिओ मुलांसाठीच धरले जातात. एखाद्या व्हिडिओवर वेगळं निवडलंत तर त्या व्हिडिओपुरतं तेच चालतं.

काजूबोंडू
18+ चा सल्ला बरोबरच आहे. एकच व्हिडिओ मुलांसाठी आणि प्रौढांसाठी असा दोन्ही असू शकत नाही. `Audience` च्या खालीच `Age restriction (advanced)` आहे, तिथे होय केलं की मुलांचा शिक्का आपोआप निघतो. फक्त 18+ ला पण कमेंटी बंद असतात, तेवढी एक अडचण.

पेजभात
रे बाबा, अठरा लावलंस तर बघतलो कोण? गणपतीक इलेले पोरगे मारुती बघूक फोनवर लॉगिन करून वय सांगत बसतले? मारुतीच ब्रह्मचारी, आणि तेका अठराचो शिक्को!

सुरंगी
पेजभात :))

काजूबोंडू, पहिलं अर्धं बरोबर, दुसरं अर्धं उलटं. दोन्ही शिक्के एकत्र राहत नाहीत हे खरं. पण 18+ च्या व्हिडिओवर कमेंटी चालू असतात, एंड स्क्रीनही चालते, घंटीही वाजते. तिथे मार बसतो तो बघणाऱ्यांच्या संख्येवर. लॉगिन न केलेल्याला व्हिडिओ दिसत नाही, ज्याच्या खात्यात वय 18 च्या खाली आहे त्याला दिसत नाही, आणि ज्या फोनवर किंवा शाळा-ऑफिसच्या नेटवर्कवर `Restricted Mode` चालू आहे तिथेही नाही. घरातल्या टीव्हीवर कोणाचंच खातं जोडलेलं नसेल तर तिथेही नाही.

मंडळाच्या वेबसाइटवर हा व्हिडिओ बसवला असेल तर तो तिथे चालणार नाही. बाहेरच्या बहुतेक साइटवरून 18+ चा व्हिडिओ लावायला गेलं की बघणाऱ्याला यूट्यूबवर पाठवतात आणि तिथे वयाची खात्री मागतात. जाहिराती मर्यादित किंवा शून्य. आणि तोच व्हिडिओ पैसे भरून जाहिरात म्हणून चालवायचा असेल तर तेही जमत नाही.

म्हणजे थोडक्यात असं म्हणा: मुलांच्या शिक्क्यात व्हिडिओ सगळ्यांना दिसतो, पण बोलता येत नाही. 18+ मध्ये बोलता येतं, पण माणसंच दारात अडतात. एक काढायला दुसरा लावणं म्हणजे छपराची गळती थांबवायला घरच उतरवणं.

तपासायची सोपी युक्ती: खासगी खिडकीत, म्हणजे इनकॉग्निटोमध्ये, लॉगिन न करता व्हिडिओची लिंक उघडा. `Sign in to confirm your age` आलं तर 18+ आहे. व्हिडिओ चालला पण खाली कमेंटी बंद दिसल्या तर मुलांचा शिक्का, किंवा कमेंटी कोणी हाताने बंद केल्या.

चाकरमानी_दादर
बघणाऱ्याच्या बाजूने सांगतो. हा (किंवा असाच) एक खेळ `Watch later` मध्ये ठेवायचा होता, बटणच दाबलं जात नाही. मला वाटलं फोन बिघडला. 42 मिनिटं लोकलमध्ये एका दमात बघून होत नाहीत हो. मग लिंक स्वतःलाच व्हॉट्सअॅप केली.

सुरंगी
फोन ठीक आहे. मुलांच्या शिक्क्याच्या व्हिडिओला प्लेलिस्टमध्ये ठेवणं आणि नंतर बघायला ठेवणं, दोन्ही बंद असतं. लांब आख्यानाला हा तोटा कमेंटींपेक्षा मोठा आहे असं माझं मत. बडबडगीत दोन मिनिटांत संपतं, ते कोणी राखून ठेवत नाही. आख्यान राखूनच बघतात.

चॅनेलवाल्याला मात्र स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये तो घालता येतो. तेव्हा 'सर्व आख्याने क्रमाने' अशी प्लेलिस्ट करून तिचीच लिंक गावच्या ग्रुपवर टाकत जा. एंड स्क्रीन नसताना पुढच्या भागाकडे नेण्याचा हाच एक धड रस्ता उरतो.

आबोली
माझाही तोच प्रॉब्लेम. भाचीचा अभंग टाकलाय, वय 9. कमेंटी बंद. पण `Audience` मध्ये स्पष्ट `not made for kids` लिहिलंय आणि एंड स्क्रीन व्यवस्थित दिसते. म्हणजे हा शिक्का छुपा पण असतो का?

सुरंगी
नाही, तुमचं प्रकरण वेगळं आहे. व्हिडिओ कोणासाठी आहे हा एक प्रश्न, व्हिडिओत कोण आहे हा दुसरा. 2019 च्या फेब्रुवारीत यूट्यूबने लहान मुलं दिसणाऱ्या व्हिडिओंवरच्या कमेंटी बंद करायला सुरुवात केली, कारण तिथे नको ती माणसं नको ते लिहीत होती. तो मुलांच्या सुरक्षिततेचा नियम आहे. अभंग मोठ्यांसाठी असला तरी गाणारी 9 वर्षांची आहे, म्हणून कमेंटी गेल्या आणि बाकी सगळं राहिलं. `Audience` बदलून त्यावर काही फरक पडणार नाही, उगीच तिथे हात लावू नका.

आबोली
अच्छा! म्हणजे शाळेच्या गॅदरिंगच्या व्हिडिओवर कमेंटी बंद असतात त्या यामुळे. मी इतके दिवस मुख्याध्यापकांनी बंद केल्या समजत होते.

भरतीओहोटी
स्टुडिओ बघितला. चार व्हिडिओ आहेत. तीन आख्यानांवर `Set by you`. `Advanced settings` मध्ये चॅनेल मुलांसाठी असंच निवडलेलं आहे. चॅनेल ज्या पोराने उघडून दिला त्याला विचारलं, तो म्हणतो 'बाहुल्या म्हणजे मुलांचंच ना?' चौथा व्हिडिओ 6 मिनिटांचा, बाहुली नाचवत बडबडगीतं, त्यावर `Set by YouTube`.

आता तीन बदलू ना सरळ?

सुरंगी
थांबा, आधी ते खरोखर मुलांसाठी नाहीत ना ते ठरवा. हा शिक्का आवडीनिवडीचा नाही, कायद्याचा आहे. अमेरिकेत 13 वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करायला बंदी आहे. त्यावरून 2019 च्या सप्टेंबरमध्ये गूगल आणि यूट्यूबने तिथल्या सरकारी संस्थेशी 17 कोटी डॉलरवर तडजोड केली, आणि 2020 च्या जानेवारीपासून प्रत्येक चॅनेलवाल्याला, तो पिंगुळीत असो नाहीतर पॅरिसमध्ये, व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही हे सांगणं भाग पडलं.

बंद होणाऱ्या गोष्टींची यादी यातूनच समजते. घंटी, राखून ठेवणं, कमेंटी, माणसाच्या आवडीवर बेतलेली जाहिरात, या सगळ्यांत बघणाऱ्याची काही ना काही माहिती त्याच्या खात्याशी जोडली जाते. बघणारा 7 वर्षांचा असेल असं धरून चाललं की ते सगळं बंद करावंच लागतं.

ठरवताना बघतात ते असं: विषय काय, लक्ष्य प्रेक्षक कोण, मुलांना ओढणारी पात्रं, खेळणी, गाणी, गोष्टी आहेत का, भाषा मुलांना कळेल अशी आहे का. एकाच मुद्द्यावर निकाल लागत नाही. सगळ्यांनी मिळून बघण्यासारखं असणं आणि मुलांसाठी केलेलं असणं यांत फरक आहे. दशावतार अख्खं गाव बघतं, मांडीवरच्या पोरासकट, पण म्हणून तो बालनाट्य होत नाही.

तुमच्या आख्यानात 42 मिनिटांचा सलग खेळ आहे, मालवणी कोपरखळ्या आहेत, मोठ्यांचा प्रेक्षक आहे. ही बाजू भक्कम. पण शीर्षकातच 'बच्चेकंपनीसाठी' लिहून ठेवलंय! तुमच्याच तोंडाने लक्ष्य प्रेक्षक सांगितलात. `Audience` मध्ये नाही म्हणायचं आणि शीर्षकात होय, हे चालणार नाही. आधी शीर्षक, वर्णन, टॅग आणि थंबनेल खरं सांगतील असे करा, मग सेटिंग.

खाडीकाठ
सुरंगी यांच्याशी थोडं असहमत. बाहुल्या, मारुती, गोष्ट, गाणी. यादीतले चार मुद्दे तर जागेवरच पूर्ण होतात. खेळाच्या पुढच्या ओळीत बसलेली पोरं व्हिडिओत दिसत असतील तर पाचवा. मुलं हा प्रेक्षकांचा मुख्य गट नसला तरी त्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेलं असेल तर शिक्का लागतो, असंच धोरण आहे. 'मोठे पण बघतात' एवढ्याने सुटका होत नाही. शीर्षक बदलणं म्हणजे पाटी बदलून दुकान तेच ठेवणं.

आणि भारतातही 2023 चा वैयक्तिक माहितीचा कायदा आहे. त्यात मूल म्हणजे 18 वर्षांखालचं, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. आपल्याकडची वयाची रेषा 13 नव्हे.

सुरंगी
खाडीकाठ, रेषेचा मुद्दा मान्य, पण स्टुडिओतला हा शिक्का आज अमेरिकेच्या कायद्याच्या व्याख्येवर उभा आहे, तो 13 वरच चालतो.

दुकान तेच ठेवणं याबद्दल मात्र नाही. तुम्ही एकेक मुद्दा सुटा मोजताय. कळसूत्री खेळ हा आख्यान लावणाऱ्याचा, गाणाऱ्याचा आणि गावकऱ्यांचा कार्यक्रम आहे. खेळणं म्हणून बाहुली आणि रंगमंचावरचं पात्र म्हणून बाहुली यांत फरक. तरीही हे काठावरचं प्रकरण आहे हे कबूल. दोन शहाणी माणसं दोन उत्तरं देतील.

खाडीकाठ
काठावरचं म्हणताय तेवढं मला पुरे. काठावर असेल तर मी शिक्का ठेवीन. चुकीचं 'नाही' हे चुकीच्या 'होय'पेक्षा महाग पडतं.

भरतीओहोटी
तिसरा प्रश्न राहिला हो. सुचवणं कमी होतं का?

सुरंगी
कमी होतं यापेक्षा शेजार बदलतो असं म्हणणं जास्त बरोबर. शिक्का असलेला व्हिडिओ मुलांच्या इतर व्हिडिओंच्या बाजूला सुचवला जाण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे रावणवध बघून झाल्यावर, किंवा बघताना बाजूच्या पट्टीत, कार्टून आणि बालगीतं. आणि उलट बाजूने, कोणी कार्टून बघत असेल त्याला तुमचा रावण. ज्या माणसाने चित्रकथी, दशावतार, नमन असं काही बघितलंय त्याच्यासमोर तो यायला हवा, पण त्या घोळक्यात तो जात नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं. स्टुडिओत तो व्हिडिओ उघडा, `Analytics`, तिथे प्रेक्षक कुठून आले त्याच्या यादीत `Suggested videos` वर क्लिक करा. कोणत्या व्हिडिओंवरून लोक तुमच्याकडे आले त्यांची नावं दिसतील. सगळी नावं हिंदी-इंग्रजी बालगीतांची असतील तर शेजार चुकलाय. मग दुसरा आकडा बघा, प्रेक्षक टिकतात किती. बालगीताच्या शेजारून आलेलं पोर मालवणी ऐकून अर्ध्या मिनिटात उठतं, आणि आलेख पहिल्याच मिनिटात कड्यावरून पडल्यासारखा पडतो. आख्यान वाईट आहे असा अर्थ काढू नका, पंगत चुकलेली असते.

त्यात एंड स्क्रीन नाही, कार्ड नाहीत. एरवी व्हिडिओच्या शेवटच्या 5 ते 20 सेकंदांत चारपर्यंत चौकटी लावता येतात आणि माणूस पुढच्या आख्यानात जातो. ती साखळी तुटली की प्रत्येक व्हिडिओ एकटा पडतो.

एक गैरसमजही दूर करते. शिक्का लावला की यूट्यूब किड्स अॅपमध्ये व्हिडिओ जातोच असं नाही. तिथली निवड वेगळी होते.

लाटांचा_हिशोब
जाहिरातीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, हे माझ्या कामातलं आहे.

मुलांच्या शिक्क्याने जाहिराती बंद होत नाहीत, माणसाला ओळखून दाखवली जाणारी जाहिरात बंद होते. उदाहरण घ्या. ठाण्यातला कोणी चार दिवस तारकर्लीच्या खोल्या शोधतोय. तारकर्लीचा घरगुती निवासवाला अशाच माणसांना गाठायला जास्त पैसे द्यायला तयार असतो. तो माणूस तुमचं आख्यान बघतोय आणि शिक्का नाही, तर ती जाहिरात तिथे लागू शकते. शिक्का असेल तर बघणारा कोण हे बघायचंच नाही, फक्त व्हिडिओ कशाबद्दल आहे ते बघून जाहिरात ठरते. साहजिकच बोली लावणारे कमी आणि भावही कमी. तुमच्या साइटवर येऊन गेलेल्याला पुन्हा गाठायची जाहिरात तर या व्हिडिओंवर चालतच नाही.

वर काही मालच वर्ज्य आहे. खाण्यापिण्याच्या वस्तूंची जाहिरात मुलांच्या व्हिडिओंवर नाही, पौष्टिक असली तरी नाही. म्हणजे कोकम सरबत आणि काजूवाले, जे या चॅनेलचे खरे जाहिरातदार असायचे, तेच बाहेर.

मेंबरशिप, सुपर चॅट, वस्तू विकायची पट्टी हेही जातं. खेळ थेट दाखवलात तर बाजूची लाइव्ह चॅट नाही, मग सुपर चॅट येणार कुठून.

आणि हे पिवळ्या डॉलरशी मिसळू नका. पिवळं चिन्ह म्हणजे मजकूर जाहिरातदारांना नकोसा वाटेल असा आहे, म्हणून मर्यादित जाहिराती. ती तपासणी वेगळी, अपील वेगळं. मुलांच्या शिक्क्याच्या व्हिडिओवर डॉलर हिरवा असतो आणि पैसे तरीही कमी येतात, म्हणून लोक चक्रावतात.

पेजभात
म्हणजे लहान पोरांका कोकम सरबत दाखवूचा नाय, आणि ठाण्याच्या माणसाक तारकर्ली दाखवूची. चल, व्याप कळलो.

रापणकार
दशावताराचं विचारतो. शेवटच्या युद्धात तलवारी आणि लाल रंग असतो. त्यावर 18+ आपोआप लागू शकतं का? आणि आम्ही मोरी मासा साफ करतानाचा व्हिडिओ टाकतो, त्याचं काय?

सुरंगी
18+ लागतं ते साधारण या कारणांनी: धक्कादायक रक्तपात, नग्नता आणि कामुकता, सतत शिव्या, आणि मुलं सहज नक्कल करतील अशी धोक्याची कृत्यं. रंगमंचावरची तलवार आणि कुंकवाचं पाणी हे उघडच नाटक आहे. कलेचा संदर्भ धरला जातो, पण तो व्हिडिओतच दिसला पाहिजे. दोन तासांच्या नाटकातला फक्त वधाचा 40 सेकंदांचा तुकडा कापून टाकलात तर संदर्भच कापला जातो. शीर्षक 'रक्तरंजित' आणि थंबनेलवर लाल माखलेला चेहरा मोठा करून लावलात तर त्यावरूनही लागू शकतं. मोरीचंही तसंच, स्वयंपाकघरातलं साफ करणं आणि रक्तावर मुद्दाम रेंगाळणारा कॅमेरा यांत फरक पडतो.

लागलंच तर `Restrictions` रकान्यात त्यावर माऊस नेला की अपीलचा दुवा दिसतो. अपील एकदाच करता येतं, म्हणून रागाच्या भरात पाठवू नका.

आईसाहेब_देवगड
मला नातवाच्या टॅबवर हे 18+ वाले दिसू नयेत असं करायचंय, ते कुठे असतं?

काजूबोंडू
आजी, धागा त्याचा नाही पण सांगतो. त्या टॅबवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये `Restricted Mode` चालू करा. ते त्या टॅबपुरतंच राहतं. नातू 13 च्या आतला असेल तर आईवडिलांच्या खात्याखाली त्याचं देखरेखीचं खातं काढणं जास्त पक्कं. (हे तरी बरोबर आहे ना, सुरंगीताई?)

सुरंगी
आहे :) फक्त त्या मोडने गाळणी लागते, भिंत नाही. अधूनमधून डोकवावं लागेल.

भरतीओहोटी
मंडळात चर्चा झाली. असं ठरतंय: बडबडगीतांचा व्हिडिओ खरोखरच मुलांचा आहे, तो तसाच ठेवायचा, अपील करायचं नाही. आख्यानं तीन. त्यांतल्या दोन आख्यानांत मुलांना उद्देशून काहीच नाही. तिसऱ्यात, म्हणजे सीताहरण-रावणवधात, सुरुवातीला सूत्रधार दोन मिनिटं 'बाळगोपाळांनो' म्हणून बोलतो. त्याचं काय करावं? आणि बदलायचा क्रम कसा ठेवू?

सुरंगी
बडबडगीतांचा निर्णय योग्य. तिथे अपील केलं असतं तर हरलाच असता.

क्रम असा. `Advanced settings` मध्ये चॅनेलचं 'होय' काढून प्रत्येक व्हिडिओला वेगळं ठरवू हा पर्याय निवडा. `Save` दाबल्याशिवाय खिडकी बंद करू नका, निम्मे लोक तिथेच चुकतात. मग पहिल्या दोन आख्यानांची शीर्षकं बदला, म्हणजे कथेचं नाव, 'कळसूत्री बाहुल्यांचा पारंपरिक खेळ', भाषा आणि गाव. टॅगमधले `kids`, `cartoon`, `nursery` असले शब्द काढा. थंबनेलवर खेळवणाऱ्याचे हात आणि दोऱ्या दिसू द्यात, नुसता हसरा मारुती नको. नंतर `Details`, `Audience`, तिथे `No, it's not Made for Kids`. बडबडगीतांवर काही करू नका, ते जिथे आहे तिथेच राहील.

बदल केल्यावर खासगी खिडकीत नाही, दुसऱ्या एखाद्या खात्यातून बघा: कमेंटीचा चौकोन आला का, राखून ठेवायचं बटण चालतं का. कमेंटी तरीही बंद दिसल्या तर `Details` मध्ये `Show more` खाली कमेंटींची स्वतंत्र सेटिंग आहे, ती बंद राहिलेली असू शकते. आणि एंड स्क्रीन एडिटरमध्ये जाऊन चौकटी आहेत का ते बघा, नसतील तर नव्याने लावा. बाण कुठे काढलेत त्यावर त्या बरोबर बसवा.

तिसऱ्याचं मी सांगू शकत नाही. दोन मिनिटांच्या संबोधनाने 42 मिनिटांचं आख्यान मुलांचं होतं असं मला वाटत नाही, पण खाडीकाठ यांना वाटेल.

खाडीकाठ
वाटतंच. 'बाळगोपाळांनो' म्हणून हाक मारल्यावर कोणासाठी आहे हे विचारायची गरज उरते का? तिसरं तसंच ठेवा. कमेंटी नसल्या म्हणून आख्यान मरत नाही.

लाटांचा_हिशोब
मधला मार्ग: तिसरं शिक्क्यासकट ठेवा, पण स्टुडिओच्या एडिटरमध्ये शेवटचे बाणवाले 20 सेकंद कापून टाका, ते रिकामे बाण फार केविलवाणे दिसतात. कोणत्या मिनिटाला कोणता प्रसंग त्या वेळा पिन केलेल्या कमेंटीत लिहिल्या असतील तर त्या आता कोणालाच दिसत नाहीत, त्या वर्णनात हलवा.

चाकरमानी_दादर
मूळ खेळात 'बाळगोपाळ' म्हणजे देवळासमोर बसलेले सगळेच असतात हो, ऐंशी वर्षांचे पण. आमच्या गावात खोत बसला असेल तरी सूत्रधार बाळगोपाळच म्हणतो.

खाडीकाठ
हे अमेरिकेतल्या परीक्षकाला कसं कळवणार?

सुरंगी
नेमकं हेच लिहून. अपील करायची वेळ आली तर 'आमचा व्हिडिओ मुलांचा नाही' एवढ्याने काही होत नाही. कोणत्या मिनिटाला काय आहे, भाषा कोणती, हा शब्द सगळ्या श्रोत्यांना उद्देशून वापरतात, आणि खेळ कुठे कोणासमोर होतो, हे चार ओळींत. चाकरमानींचं वाक्य त्यात जसंच्या तसं घाला. तिसऱ्यावर सध्या `Set by you` आहे, म्हणून आज अपिलाचा प्रश्नच नाही. तुम्ही 'नाही' केलंत आणि नंतर यूट्यूबने 'होय' केलं तरच.

भरतीओहोटी
पहिली दोन बदलली. कमेंटीचा चौकोन आला, पहिलीच कमेंट 'खेळ पुन्हा कधी आसा?' एंड स्क्रीन एकीवर होती, दुसरीवर नव्याने लावली. बाण दीड इंच चुकतोय पण चालेल.

तिसऱ्यावर रविवारी मंडळाची बैठक आहे. सूत्रधारही येणार आहेत, त्यांनाच विचारतो बाळगोपाळ म्हणजे कोण ते.

पेजभात
बैठकीक चाय-खाजा आसात तर आमी पण बाळगोपाळच.